वर्षाचा आराखडा, आठवड्याचे आठ तास

छोट्या कंपनीचे वार्षिक सोशल मीडिया धोरण म्हणजे चार-पाच पानांचा लेखी दस्तऐवज. येत्या बारा महिन्यांत कंपनीला या माध्यमांतून नेमके काय मिळवायचे आहे, ते कोणाकडून, कोणत्या माध्यमातून, आणि काम जमते आहे की नाही हे कोणी, कधी, कशावरून ठरवायचे, एवढ्या प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. कोणत्या तारखेला कोणती पोस्ट टाकायची याचे वेळापत्रक म्हणजे धोरण नव्हे. वेळापत्रक मागाहून येते आणि दर महिन्याला बदलले तरी काही बिघडत नाही. पुष्कळ ठिकाणी मात्र आधी वेळापत्रकच तयार होते. मकरसंक्रांत, महिला दिन, गुढीपाडवा, महाराष्ट्र दिन अशी शुभेच्छांची रांग लागते आणि या शुभेच्छांनी कंपनीचे काय भले झाले, हे वर्षाअखेर कोणालाच सांगता येत नाही.

दस्तऐवज कसा उभा राहतो हे एका उदाहरणावरून नीट कळते. समजा, देवगड तालुक्यात आठ माणसांची एक घरगुती कंपनी आहे. (कंपनी कल्पनेतली आहे आणि पुढचे तिचे आकडेही उदाहरणापुरते आहेत.) एप्रिल-मेमध्ये ती हापूस विकते. त्याच दिवसांत आंबापोळी, फणसपोळी, आमसुले, कोकम आगळ आणि कोकम सरबत तयार करून ठेवते आणि हा माल पुढे वर्षभर विकते. महामार्गावर नांदगाव तिठ्याजवळ तिचे एक छोटे विक्री केंद्र आहे. ताज्या आंब्याला मुंबई-पुण्याचे जवळपास १,४०० घरपोच ग्राहक आहेत आणि त्यांची नावे-नंबर वहीत आणि फोनमध्ये आहेत. टिकाऊ माल मात्र मुख्यतः दुकानदारांमार्फत जातो. थेट ग्राहकांना गेल्या वर्षी तो साडेचार लाखांचाच गेला, म्हणजे सरासरी ९०० रुपयांच्या ५०० ऑर्डरी.

पहिला निर्णय वर्ष कधी सुरू करायचे याचा. जानेवारी हे नववर्ष म्हणून आणि एप्रिल हे आर्थिक वर्ष म्हणून मनात येते. पण या कंपनीला दोन्ही सोयीचे नाहीत. जानेवारीत मोहोर, फवारणी आणि आगाऊ नोंदणीची धावपळ सुरू झालेली असते आणि एप्रिलमध्ये मालकाला जेवायला फुरसत नसते. तिचे वर्ष जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हावे. तेव्हा पाऊस लागलेला असतो, बागा रिकाम्या झालेल्या असतात, माल गोदामात मोजता येतो आणि हंगामात ग्राहकांनी काय विचारले, कशावर कुरकुर केली हे ताजे आठवत असते. धोरणाचे वर्ष धंद्याचा हंगाम संपतो तिथून मोजावे. राख्या विकणाऱ्याचे ते राखीपौर्णिमेनंतर सुरू होईल आणि क्लासवाल्याचे प्रवेश संपल्यावर.

मग उद्दिष्ट. हा भाग सगळ्यांत कमी शब्दांचा, पण त्याला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा लागतो. ‘ब्रँडची ओळख वाढवणे’, ‘दहा हजार फॉलोअर मिळवणे’ असली वाक्ये उद्दिष्टाच्या रकान्यात सर्रास दिसतात. फॉलोअर ही मधली पायरी आहे आणि तीही हुकमी नाही. दहा हजारांतले नऊ हजार बक्षिसाच्या स्पर्धेसाठी आलेले असू शकतात. उद्दिष्ट धंद्याच्या भाषेत लिहावे आणि त्यात आजचा आकडा, गाठायचा आकडा आणि मुदत असावी. या कंपनीचे वाक्य असे होईल: टिकाऊ मालाच्या थेट ऑर्डरी ५०० आहेत, त्या जुलै ते मार्च या नऊ महिन्यांत १,००० करायच्या.

ताज्या हापूसचा यात उल्लेखही नाही, हे मुद्दाम. चांगला हापूस हंगामात जेवढा येतो तेवढा संपतो. त्याची मर्यादा बागेची आहे, प्रसिद्धीची नाही. तरीही बहुतेक आंबा कंपन्या आपली सगळी सोशल मीडियाची हौस एप्रिल-मेमध्येच भागवतात, कारण तेव्हा फोटो काढायला पिवळाधमक आंबा समोर असतो. जाहिरात पाहून माणूस फोन करतो आणि ‘या आठवड्याच्या पेट्या संपल्या’ हे उत्तर ऐकतो. धोरण लिहिण्याचा पहिला फायदा हाच की जिथे गरज नाही तिथला जोर काढून घेता येतो.

उद्दिष्ट लिहिले की त्याच्या खाली ते कसे गाठले जाईल याचा हिशेब मांडायचा. आधीच्या ५०० ऑर्डरी टिकतील असे धरले, तर आणखी ५०० हव्यात. (हे ‘धरले’सुद्धा लिहून ठेवावे, वर्षअखेर चूक शोधताना ते उपयोगी पडते.) १,४०० आंबा ग्राहकांपैकी फक्त १५० जणांनी गेल्या वर्षी टिकाऊ माल घेतला. उरले १,२५०. त्यांतल्या पाचातल्या एकाने वर्षात एकदा जरी मागवले तरी २५० ऑर्डरी झाल्या. राहिलेल्या २५० नव्या लोकांकडून आणायच्या. अनोळखी माणसांच्या शंभर चौकश्यांतून पंधरा ऑर्डरी मिळतात असा कंपनीचा अनुभव असेल, तर सुमारे १,६७० चौकश्या लागतील. नऊ महिन्यांत महिन्याला १८५, दिवसाला सहा.

आता पैशाचे. ९०० रुपये छापील किमतीचा माल दुकानदाराला तीस टक्के सोडून ६३० रुपयांना जातो. थेट ग्राहकाकडून ९०० मिळतात, पण कुरिअरचे ११० आणि बाटल्या फुटू नयेत म्हणून केलेल्या पॅकिंगचे ४० वजा केले की उरतात ७५०. म्हणजे एका थेट ऑर्डरमागे दुकानापेक्षा १२० रुपये जास्त, आणि ५०० ऑर्डरींमागे ६०,०००. कागदावर हा आकडा आला की बऱ्याच चर्चा आपोआप मिटतात. महिना पंधरा हजार मागणारी एजन्सी नेमली, तर ती चार महिन्यांत सगळा फायदा खाऊन टाकेल. जाहिरातींवर २०,००० खर्च करायचे ठरवले, तर १८ टक्के जीएसटी धरून २३,६०० होतात; त्यातून नवे २५० ग्राहक आले असे मानले तर माणशी ९४ रुपये पडले आणि १२० पैकी हातात राहिले २६.

या हिशेबातून दोन गोष्टी बाहेर येतात. जुन्या ग्राहकाकडून आलेली ऑर्डर जवळजवळ फुकट पडते. नव्या ग्राहकाची पहिली ऑर्डर फारसे काही देत नाही. तो दुसऱ्यांदा आला तरच त्याच्यावर केलेला खर्च सार्थकी लागतो. म्हणून उद्दिष्टाला एक पोटवाक्य जोडावे लागते: नव्या २५० पैकी किमान ६० जणांची मार्चअखेर दुसरी ऑर्डर. अर्थात, दुकानदार उचलणार नाहीत असा माल गोदामात पडून राहत असेल तर गणित बदलते. तेव्हा तुलना ६३० शी नसून मालाच्या उत्पादनखर्चाशी करायची आणि जाहिरातीला जास्त वाव मिळतो. कंपनी कोणत्या स्थितीत आहे हे गोदामाची वही सांगते, इन्स्टाग्राम नाही.

ग्राहकवर्गाच्या प्रकरणात ‘वय २५ ते ४५, शहरी, महिला’ असे लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे. हे वर्णन साबणापासून विम्यापर्यंत सगळ्यांना लागू पडते, म्हणून ते निरुपयोगी. माणसे वयाने ओळखण्याऐवजी त्यांच्या प्रसंगाने आणि प्रश्नाने ओळखावीत. ती कोणत्या क्षणी हा माल शोधतात आणि घेण्याआधी काय विचारतात? याची उत्तरे अंदाजाने लिहायची नसतात. गेल्या वर्षभरातले व्हॉट्सअ‍ॅपवरचे शे-दोनशे संवाद काढून वाचायचे आणि प्रश्नांच्या गड्ड्या करायच्या. एका दुपारचे काम आहे आणि संपूर्ण दस्तऐवजात त्याच्याइतके फळ देणारे दुसरे काम नाही.

या कंपनीला त्यातून तीन गट सापडतील. पहिला, आंबा घेणारे जुने ग्राहक. त्यांचा कंपनीवर विश्वास आहे. पण ती आंबापोळी करते हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकच नाही. त्यांना पटवायचे काही नाही, कळवायचे आहे. दुसरा गट गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांचा. ते परत जाताना गाडीत बसूनच ‘जवळ कोकम सरबत कुठे मिळेल’ म्हणून नकाशावर शोधतात. त्यांचा प्रश्न दुकान उघडे आहे का आणि गाडी लावायला जागा आहे का, एवढाच.

तिसरा गट कोकणाबाहेरच्या घरांचा. सोलकढी हॉटेलात आवडली म्हणून ती घरी करू पाहणारे हे लोक. संवाद वाचताना इथे एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटते: ‘तुमचे सरबत खूप खारट निघाले.’ त्यांनी मागवलेले असते आगळ. आगळ म्हणजे कोकमाच्या फळांना मीठ लावून काढलेला रस. तो सोलकढीत, आमटीत घालायचा. सरबताचा अर्क साखरेतला, पाणी घालून प्यायचा. कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, म्हणून कंपनीने बाटलीवरही ते ठळक छापलेले नाही. लाल रंगाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून, एकीतला चमचाभर रस नारळाच्या दुधात आणि दुसरीतला थंड पाण्यात घालून दाखवणारी अर्ध्या मिनिटाची रील या गटासाठी वर्षातली सगळ्यांत कामाची रील ठरेल. अशी कल्पना सुचण्यासाठी प्रतिभा लागत नाही, तक्रारींची वही लागते.

कोण ग्राहक नाही, हेही नावानिशी लिहावे. अमेरिका आणि आखातातून मराठी माणसांच्या कौतुकाच्या कमेंटा भरपूर येतील. कंपनी परदेशी माल पाठवत नसेल, तर त्या कमेंटांना प्रेमाने उत्तर द्यावे. मोजणीत त्या धरू नयेत. पुण्यात राहणाऱ्या आई-वडिलांना भेट पाठवण्याची सोय मात्र त्यांना जरूर सांगावी. हॉटेले आणि घाऊक खरेदीदारही या यादीबाहेर. ते रील पाहून माल उचलत नाहीत, नमुना चाखून आणि उधारीची मुदत विचारून उचलतात.

गट ठरले की माध्यमे जवळजवळ आपोआप ठरतात. तरीही शेवटचा शब्द वेळेचा असतो. आठ माणसांच्या कंपनीत या कामासाठी बहुधा एकच व्यक्ती असते आणि तिला आठवड्याला आठ तास मिळाले तरी पुष्कळ. दिवसाला सहा चौकश्या, प्रत्येकीला सहा मिनिटे, असे सहा दिवस धरले तर साडेतीन तासांहून थोडे जास्त उत्तरे देण्यातच गेले. उरले साडेचार तासांहून थोडे कमी. एक रील चित्रित करून, कापून, त्यावर मराठी अक्षरे टाकून लावायला दोन तास. जुन्या ग्राहकांसाठी संदेश आणि फोटो तयार करायला तास. आठवड्याचा हिशेब, कमेंटांची उत्तरे आणि किरकोळ कामे यात बाकीचे. संपले आठ तास. ‘रोज एक पोस्ट, आठवड्याला चार रील, शिवाय यूट्यूब’ असा संकल्प सोडणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो. असा संकल्प बहुधा दुसऱ्या महिन्यात मोडतो आणि त्याबरोबर उत्तरे देण्याचे कामही ढेपाळते. ते जास्त महागात पडते, कारण चौकशीला दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालेला माणूस तोवर दुसरीकडून घेऊन मोकळा झालेला असतो.

पहिले माध्यम व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. २०१८ मध्ये आलेल्या या अ‍ॅपात मालाची सूची, ठरावीक उत्तरे आणि ग्राहकांना रंगीत लेबले लावण्याची सोय आहे. जुन्या ग्राहकांसाठी याहून चांगले साधन नाही. पण त्याची एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश, ज्याने कंपनीचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे, त्यालाच पोहोचतो. १,४०० जणांच्या याद्या केल्या आणि त्यांतल्या निम्म्यांनी नंबर साठवलेलाच नसेल, तर निम्मे संदेश हवेत गेले. कंपनीला वाटते ग्राहकांना रस नाही. खरे तर त्यांना काही मिळालेलेच नसते. म्हणून आंब्याच्या प्रत्येक पेटीत ‘हा नंबर साठवून ठेवा, जुलैत आंबापोळी निघेल तेव्हा कळवू’ अशी चिठ्ठी टाकणे हे सोशल मीडिया धोरणाचाच भाग आहे, जरी ती चिठ्ठी कागदाची असली तरी. शिवाय पेटी पोहोचवण्यासाठी घेतलेला नंबर जाहिरातीसाठी वापरायचा तर आधी विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे, आणि न विचारता आलेल्या संदेशांना कंटाळून लोकांनी नंबर ब्लॉक केला तर आंब्याचा ग्राहकही हातचा जातो. महिन्याला दोन संदेशांची मर्यादा धोरणात लिहून टाकावी.

दुसरे माध्यम इन्स्टाग्राम, नव्या ग्राहकांसाठी. टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेर बंदी आली आणि लगेच पुढच्या महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. ओळखीपलीकडच्या लोकांपर्यंत पोहोचण्याचा तिथला रस्ता आज मुख्यतः रीलचाच आहे. तेच चित्रीकरण फेसबुक पानावर जाऊ द्यावे. वेगळे कष्ट नाहीत आणि पन्नाशीपुढचा मोठा मराठी वाचकवर्ग तिथे आहे. एक सावधगिरी: व्यावसायिक खात्याला लोकप्रिय चित्रपटगीते वापरण्याची मुभा सहसा नसते. गाजलेले मराठी गाणे लावलेली रील मुकी होण्यापेक्षा वाफाळत्या चुलीचा किंवा पावसाचा खरा आवाज ठेवलेला बरा.

तिसरे माध्यम चाकरमान्यांसाठी गूगल बिझनेस प्रोफाइल. याला आठवड्याचे काम नाही. जुलैत एकदा फोटो, फोन, वेळा आणि पार्किंगची माहिती भरायची, गणपतीत दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असेल तर तशी खास वेळ नोंदवायची आणि आलेल्या अभिप्रायांना उत्तर द्यायचे. महामार्गावरच्या दुकानाला एवढ्या कमी श्रमात इतका उपयोगी पडणारा दुसरा सोशल उपाय नाही. तरीही हेच काम सर्वांत जास्त राहून जाते, कारण त्यात मिरवण्यासारखे काही नाही.

यूट्यूब, लिंक्डइन, एक्स या वर्षी नाही, हेही कारणासहित नोंदवावे. नाहीतर सप्टेंबरमध्ये कोणाचा तरी भाचा येऊन ‘अजून यूट्यूबवर नाहीत?’ असे विचारतो आणि तिथपासून वेळ फुटायला लागतो.

माध्यमांच्याच पानावर, काय बोलायचे नाही याच्या दोन ओळी हव्यात. कोकम पित्तावर चांगले, असे घरोघरी म्हटले जाते; पण विक्रेत्याने ‘पित्त मुळापासून बरे करते’ असे लिहिले की तो रोग बरा करण्याचा दावा होतो आणि खाद्यपदार्थांच्या जाहिरातींविषयीच्या २०१८ च्या नियमांत तो बसत नाही. तसेच एखाद्या पाककृतीवाल्या इन्फ्लुएन्सरला आंबापोळीचा डबा फुकट पाठवून व्हिडिओ करून घेतला, तर तो डबा भेट मिळाला आहे हे त्या व्हिडिओत स्पष्ट सांगावे लागते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याविषयी मार्गदर्शिका काढली आहे. पैसे दिले नाहीत, फक्त माल दिला, ही पळवाट चालत नाही.

उरला आढाव्याचा भाग. आढावा घ्यायचा तर चौकशी कुठून आली हे कळले पाहिजे, आणि इथेच बहुतेक छोट्या कंपन्या अडतात. स्वतःचे संकेतस्थळ नसेल तर महागड्या साधनांचा उपयोग नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा साधा दुवा पुरतो. त्यात आधीच एक शब्द घालून ठेवता येतो, म्हणजे दुवा दाबणाऱ्याच्या संदेशात तो लिहिलेलाच येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=INSTA
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=DUKAN
```

पहिला दुवा इन्स्टाग्रामच्या परिचयात ठेवायचा (पोस्टच्या मजकुरातला दुवा तिथे दाबता येत नाही), दुसरा विक्री केंद्रातल्या क्यूआर कोडसाठी. नंबरच्या जागी देशाचा ९१ आणि पुढे दहा अंक, मध्ये अधिकचे चिन्ह किंवा मोकळी जागा नको. काही लोक तो शब्द खोडतात, काही थेट फोन करतात. त्यांना ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ असे विचारून वहीत टिपायचे. मोजणी शंभर टक्के बरोबर येणार नाही. दिशा कळण्यापुरती ती पुरेशी असते.

आढाव्याचे तीन टप्पे पुरेत. दर शनिवारी पंधरा मिनिटे: किती चौकश्या आल्या, कोणाला उत्तर द्यायचे राहिले, कोणता नवा प्रश्न दोनदा आला. यात निर्णय घ्यायचे नाहीत. दर महिन्याला मालकासह एक तास: जुन्या ग्राहकांच्या ऑर्डरी, नव्यांच्या ऑर्डरी, चौकश्या, दुसऱ्यांदा आलेले, खर्च, असे पाच आकडे एका तक्त्यात. लाइक आणि व्ह्यूजचा रकाना या तक्त्यात नसावा. तो आला की सगळी चर्चा तिकडे वळते. आणि तीन महिन्यांतून एकदा खरा निर्णय: काय चालू ठेवायचे, काय बंद करायचे, पैसे कुठून कुठे हलवायचे.

तिमाही निर्णयाची अट जूनमध्येच लिहून ठेवलेली असावी. उदाहरणार्थ, ‘सप्टेंबरअखेर इन्स्टाग्रामवरून दोनशेहून कमी चौकश्या आल्या असतील तर जाहिरातीचा उरलेला पैसा थांबवायचा आणि जुन्या ग्राहकांना नमुना पाकिटे पाठवण्यावर लावायचा.’ अट आधी लिहिली नाही तर सप्टेंबरमध्ये प्रत्येक अपयशाला कारण सापडते: पाऊस जास्त होता, श्रावण होता, रील चांगल्या होत्या पण लोकांपर्यंत गेल्या नाहीत. ज्या धोरणात काही बंद करण्याची अट नाही, ते इच्छांची यादीच असते. उलट, एका रीलवरून किंवा एका आठवड्यावरून मत बनवणेही चूक. दिवसाला पाच-सहा चौकश्यांच्या धंद्यात एखाद्या आठवड्यात वीस आणि पुढच्यात पन्नास येणे यात काही विशेष नसते. तीन महिन्यांचा आकडा त्यापेक्षा स्थिर असतो.

तुलना करताना पंचांग विसरू नये. कोकणातल्या धंद्याचा ऑगस्ट-सप्टेंबर गणपतीवर चालतो आणि गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक मासामुळे १४ सप्टेंबरला आहे. दोन वर्षांचे ऑगस्ट समोरासमोर ठेवले तर २०२६ चा ऑगस्ट पडलेला दिसेल आणि सप्टेंबर उगाच चढलेला. दोन्हींतून चुकीचे निष्कर्ष निघतील. अशा वेळी महिन्याऐवजी चतुर्थीच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे अशी तुलना करावी. दिवाळीचेही तसेच. परदेशी बनावटीचे तयार तक्ते महिन्याची महिन्याशी तुलना आपोआप करून हिरवे-लाल बाण दाखवतात. हे बाण पाहून जाहिरातीचे पैसे हलवणे धोक्याचे.

शेवटचे पान कंटाळवाणे असते आणि म्हणूनच बहुधा लिहिले जात नाही: खाती कोणाची आहेत. इन्स्टाग्राम, फेसबुक पान, गूगल प्रोफाइल कोणत्या मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर नोंदले आहे, फेसबुक पानावर किती जणांचा पूर्ण ताबा आहे, दुहेरी पडताळणीचा संकेतांक कोणाच्या फोनवर येतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या सिमकार्डाचे रिचार्ज कोण करतो. छोट्या कंपन्यांची पाने अनेकदा एखाद्या हौशी कर्मचाऱ्याने किंवा नातेवाइकाने स्वतःच्या खात्यावरून उघडलेली असतात. तो माणूस नोकरी सोडून गेला, त्याचे खाते हॅक झाले किंवा नुसता अबोला धरला, तरी पाच वर्षांत जमवलेले ग्राहक आणि अभिप्राय हातचे जातात, आणि ते परत मिळवण्याची प्रक्रिया लांबलचक व बेभरवशाची आहे. प्रत्येक खात्यावर मालकासह किमान दोघांचा पूर्ण ताबा असावा आणि नोंदणी कंपनीच्या ईमेलवर असावी. बाकीचा दस्तऐवज लिहायला जून उजाडायची वाट पाहता येईल. हे एक पान मात्र याच आठवड्यात लिहून घ्यावे.